आमच्या दोघांकडे कुणाचेच डोळे घारे नाहीत, लेकीचे कसे काय? जीन म्हणजे नक्की असतं तरी काय

सुदामानगरची_आई (इंदूर), सोमवार रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहून राहिलेय. लेक सोळा महिन्यांची झाली. जन्मली तेव्हा डोळे राखाडी होते, सगळे म्हणाले बाळांचे असेच असतात, सहा महिन्यांत काळे होतील. झाले नाहीत. आता छान घारे दिसतात, खिडकीजवळ घेऊन बसलं की बुबुळाच्या मधोमध मधासारखी कडी दिसते, बाहेर हिरवट-राखाडी आणि अगदी काठाला एक गडद रेघ. मी तासन् तास बघत बसते.

माझे डोळे गडद तपकिरी, नवऱ्याचे त्याहून गडद. सासू-सासरे, माझे आईबाबा, सगळे तसेच. आता परवा हळदीकुंकवाला एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "ही गं कुणावर गेलीये?" आणि मग ते हसणं. घरात कोणी काही बोलत नाही, सासूबाईंनी तर त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, पण मला ते लागलं हे खरं.

मग रात्री बसून वाचायला लागले तर सगळीकडे एकच वाक्य, "डोळ्यांचा रंग जीन्स ठरवतात". बरं, ठरवतात म्हणजे काय करतात? डीएनए म्हणजे ती शिडीसारखी पिळलेली आकृती हे शाळेत काढलेलं आठवतं, पण त्या शिडीतून माझ्या लेकीच्या डोळ्यात रंग कसा पोचतो (किंवा पोचत नाही) हे कुठेच नीट सांगितलेलं नाही. मला ते मधलं समजून घ्यायचंय. कोणी सांगेल का, पण शाळेच्या पुस्तकासारखं नको.

---

पलासियाचा_पुष्कर, सोमवार रात्री ११:४८

ताई यात टेन्शनचं काहीच नाही, हे बारावीचं आहे. प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून एक बाबांकडून. तपकिरी जीन डॉमिनंट, घारा रिसेसिव्ह. तुम्हा दोघांकडे एक तपकिरी एक घारा असेल तर दोघंही दिसायला तपकिरीच, आणि मुलाला दोन्हीकडून घारा मिळायचा चान्स चारात एक. मिळाला, झालं. उलट दोन्ही आईबाप घारे असतील तर मूल तपकिरी होऊच शकत नाही, हे पक्कं. मेंडेल बाबांचे वाटाणे आठवा.

---

देवासनाक्याचे_काका, मंगळवार सकाळी ७:०५

बेटा, लोकांची तोंडं बंद करायची असतील तर सरळ डीएनए टेस्ट करून टाका. आमच्या ओळखीत एकांनी केली होती, रिपोर्ट आला आणि विषय संपला. खर्च होतो पण मनाला शांती.

---

सुदामानगरची_आई, मंगळवार सकाळी ९:३०

काका, तुम्ही काळजीने लिहिलंत ते कळलं, पण मला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाहीये, आणि घरात कुणी मागितलेलंही नाही. मला फक्त कळून घ्यायचंय.

पुष्कर, चारात एक हे समजलं, पण "घारा जीन" म्हणजे काय, त्यात घारा रंग भरलेला असतो का? तो करतो काय?

---

नीलिमा_बडोदा, मंगळवार दुपारी २:१५

मी रंगपेशींवर काम केलंय, पीएचडीची पाच वर्षं त्यातच गेली, म्हणून लिहिते. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी एक, निळे किंवा घारे डोळे म्हणजे त्यात निळा किंवा हिरवा रंग असतो असं नाही. माणसाच्या बुबुळात असा कुठलाच निळा पदार्थ नसतो. असतं ते फक्त मेलॅनिन, तपकिरी-काळं, त्वचेत आणि केसात असतं तेच. बुबुळाला मागच्या बाजूने काळं अस्तर असतं आणि ते घाऱ्या माणसालाही असतं. फरक पडतो तो पुढच्या, सुताच्या जाळीसारख्या थरात. त्या थरात मेलॅनिन भरपूर असेल तर प्रकाश शोषला जातो आणि डोळा तपकिरी दिसतो, कमी असेल तर प्रकाश त्या जाळीत विखुरतो आणि आकाश निळं दिसतं त्याच धर्तीवर निळसर दिसतो, आणि थोडंसं मेलॅनिन अधिक तो विखुरलेला प्रकाश असं मिळून हिरवट, मधाळ, राखाडी, आपण ज्याला घारे म्हणतो ते सगळं. स्वराच्या आईने (नाव स्वरा समजते, चूक असेल तर माफी) जी मधासारखी कडी सांगितली ना, तिथे मेलॅनिन जरा जास्त साठलंय, बाहेर कमी.

म्हणजे प्रश्न "घारा रंग कुठून आला" असा नाहीच. मेलॅनिन कमी का तयार झालं, हा आहे.

आता मेलॅनिन कसं तयार होतं. केळफूल सोललंय कुणी? चिरलं की काळं पडतं, म्हणून आपण ताकात टाकून ठेवतो. वांगं, सफरचंद, तेच. त्यांच्यात एक एन्झाइम असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काळपट रंग बनवतं आणि आंबटात ते एन्झाइम मंदावतं. आपल्या रंगपेशीत त्याच घराण्यातलं एक एन्झाइम आहे, टायरोसिनेज. दोघांच्याही पोटात तांबं असतं. हे टायरोसिनेज टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून (डाळीतून, दुधातून येतं, शरीरही बनवतं) मेलॅनिनची सुरुवात करतं, आणि हे सगळं पेशीच्या आत छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये चालतं.

गंमत अशी की ती पिशवी सुरुवातीला आंबट असते. केळफूल ताकात ठेवलंय तसंच. टायरोसिनेज आत हजर, कच्चा माल हजर, पण काम होत नाही. पिशवीच्या भिंतीत एक प्रोटीन बसलेलं असतं, पी प्रोटीन म्हणतात, ते दारासारखं काम करतं, क्लोराइडची ये-जा करू देतं आणि त्यामुळे आतला आंबटपणा उतरतो. आंबटपणा उतरला की टायरोसिनेज कामाला लागतं. पी प्रोटीन भरपूर, तर मेलॅनिन भरपूर. ते कमी, तर पिशवी आंबटच राहते आणि मेलॅनिन कमी.

आणि हे पी प्रोटीन कसं बनवायचं हे जिथे लिहिलंय तो जीन. नाव ओसीए२, पंधराव्या क्रोमोझोमवर. त्यात रंग नाही, डोळा नाही, काही नाही. एका दाराची कृती लिहिलीये फक्त.

मुलाला दूध पाजायची वेळ झाली, बाकी रात्री लिहिते.

---

गौरी_रामबाग, मंगळवार दुपारी ३:०२

केळफुलाचं वाचून मी उठून उभीच राहिले, आत्ताच सकाळी सोललं. एक शंका, लिंबू पिळल्यावर सफरचंद पांढरं राहतं ते आंबटपणामुळे का व्हिटॅमिन सी मुळे? आमच्याकडे वाद आहे.

---

नीलिमा_बडोदा, मंगळवार रात्री १०:४०

गौरी, दोन्ही. आंबटपणा एन्झाइमला मंद करतो आणि व्हिटॅमिन सी बनत असलेल्या रंगाला मागे ढकलतं. ताकात मात्र मुख्यतः आंबटपणाच.

आता पुढचं. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली अतिशय लांब ओळ, ए, टी, जी, सी. माणसाच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यातला ओसीए२ हा एक तुकडा, साधारण साडेतीन लाख अक्षरांचा. पण पी प्रोटीनमध्ये अमिनो आम्लं आहेत ८३८, आणि एका अमिनो आम्लाला तीन अक्षरं लागतात, म्हणजे प्रत्यक्ष कृती अडीच हजार अक्षरांची. उरलेली अक्षरं मधे मधे येतात. पेशी आधी अख्ख्या जीनची नक्कल काढते (आरएनए ती हीच), मग मधले तुकडे कापून टाकते, उरलेले जोडते आणि ती जोडलेली पट्टी प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राकडे जाते, ते तीन तीन अक्षरं वाचत अमिनो आम्लांची माळ ओवतं. माळ आपोआप घड्या घालून आकार घेते, मग पिशवीच्या भिंतीत जाऊन बसते. डीएनए स्वतः पेशीच्या केंद्रकातून बाहेर येत नाही. काम प्रोटीन करतं.

---

भंवरकुआं_क्लासवाला, मंगळवार रात्री ११:१५

मॅडम मस्त. म्हणजे घाऱ्या लोकांच्या त्या अडीच हजार अक्षरांत एक अक्षर चुकलेलं असतं, म्हणून प्रोटीन बिघडलेलं बनतं. म्युटेशन. बरोबर ना? नीटला असंच येतं.

---

नीलिमा_बडोदा, बुधवार सकाळी ८:३०

नाही, आणि हाच मला या सगळ्यातला सर्वात सुंदर भाग वाटतो. मी पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं.

२००८ मध्ये कोपनहेगनच्या आणि इतर गटांनीही शोधलं की निळ्या-तपकिरीचा सर्वात मोठा फरक ओसीए२ मध्ये नाहीच, तो शेजारच्या हर्क२ नावाच्या जीनमध्ये आहे. आणि हर्क२ चं डोळ्याच्या रंगाशी काही देणंघेणं नाही. तो फरक हर्क२ च्या अशा मधल्या भागात आहे जो नक्कल काढल्यावर कापून टाकला जातो. म्हणजे त्या एका अक्षराने कुठलंच प्रोटीन बदलत नाही. मग?

ती जागा म्हणजे ओसीए२ चा रेग्युलेटर आहे, पंख्याचा असतो तसा. ओसीए२ जिथून सुरू होतो तिथून साधारण २१ हजार अक्षरं लांब. रंगपेशीत काही प्रोटीनं असतात जी डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात, ती या जागेवर बसतात, आणि मधला डीएनए वेटोळं घेऊन ही जागा ओसीए२ च्या सुरुवातीला येऊन टेकते. टेकली की जीन जोरात वाचला जातो. त्या जागी ए असेल तर प्रोटीनं घट्ट बसतात, वेटोळं नीट होतं, ओसीए२ च्या भरपूर नकला निघतात. जी असेल तर पकड सैल, वेटोळं कमी, नकला कमी, पी प्रोटीन कमी, पिशवी आंबट, मेलॅनिन कमी. हे २०१२ साली रॉटरडॅमच्या लोकांनी माणसाच्या गडद आणि फिक्या रंगपेशी शेजारी ठेवून दाखवलं.

प्रोटीन बिघडलेलं नाही. चांगलंच आहे, फक्त कमी बनतं.

आणि यातूनच कळतं की शरीराच्या प्रत्येक पेशीत हाच डीएनए असून यकृतात मेलॅनिन का बनत नाही. ओसीए२ यकृताच्या पेशीतही आहे, अक्षरन् अक्षर तोच, पण तो चालू करणारी प्रोटीनं रंगपेशीत असतात, तिथे नाहीत.

---

मांजलपूरकर (बडोदा), बुधवार दुपारी १२:५०

हे वाचून मी भावाला फोन लावला. तो बाहेर असतो, त्याने मागे थुंकीवाली टेस्ट केली होती आणि सगळी फाइल मला पाठवून ठेवलेली. त्यात शोधलं तर ही ओळ सापडली, हेच ना?

```
rs12913832  15  28365618  AG
```

त्याचे डोळे साधे तपकिरी आहेत. पण दुसऱ्या एका कंपनीच्या फाइलीत (त्याच्या बायकोची) याच नंबरपुढे CT आहे. तिथे तर ए पण नाही आणि जी पण नाही, मग ती कोण?

---

नीलिमा_बडोदा, बुधवार दुपारी १:३०

हो, हीच ती जागा. १५ म्हणजे क्रोमोझोम, पुढचा आकडा म्हणजे त्या क्रोमोझोमवरचं कितवं अक्षर, आणि शेवटी दोन अक्षरं कारण दोन प्रती, एक आईची एक वडिलांची.

वहिनींचं गोंधळात टाकणारं वाटतंय पण सरळ आहे. डीएनएला दोन धागे असतात, समोरासमोर. ए समोर नेहमी टी, जी समोर नेहमी सी. एका कंपनीने एका धाग्यावरून वाचलं, दुसरीने समोरच्या धाग्यावरून. भावाचं AG आणि वहिनींचं CT एकच आहे. T म्हणजे समोर A, C म्हणजे समोर G. कुठल्या धाग्यावरून वाचलंय हे न बघता इंटरनेटवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं की लोक हमखास फसतात.

आता दोघंही AG, म्हणजे अगदी स्वराच्या आईबाबांसारखी स्थिती असू शकेल अशी. प्रत्येक बीजात दोनातली एकच प्रत जाते, आधी ठरवून नाही. भावाकडून जी जायचा चान्स निम्मा, वहिनींकडून निम्मा, दोन्ही जी येण्याचा निम्म्याचा निम्मा, चारात एक. पण प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने चारात एक. तीन तपकिरी झाली म्हणून चौथं घारं होईलच असं नाही.

आणि एक प्रत ए असली तरी बहुधा डोळे तपकिरी का, तर एका प्रतीतून येणारं पी प्रोटीन बहुतेक वेळा पुरतं. "डॉमिनंट" म्हणजे तो जीन दुसऱ्याला दाबून टाकतो असं काही नसतं. कधीकधी AG वाल्यांचे डोळे जरा फिके, मधाळ असतातही.

---

पलासियाचा_पुष्कर, बुधवार दुपारी २:१०

चला, म्हणजे माझं बरोबर निघालं, चारात एक.

---

नीलिमा_बडोदा, बुधवार रात्री ९:५५

चारात एक बरोबर, पुष्कर. पण तुझं दुसरं वाक्य, दोन घाऱ्या आईबापांना तपकिरी मूल होऊच शकत नाही, ते मात्र चूक आहे आणि मी ते तसंच सोडणार नाही, कारण त्या एका वाक्यावरून लोकांनी बायकांना फार त्रास दिलाय. १९०७ मध्ये एक निबंध आला होता अमेरिकेत, डेव्हनपोर्ट दांपत्याचा, त्यांनी डोळ्याचा रंग मेंडेलच्या एका जोडीत बसवला आणि तिथून ते शाळेच्या पुस्तकांत गेलं ते अजून निघालं नाही.

मेलॅनिन बनायला ओसीए२ एकटा पुरत नाही. टायरोसिनेजचा जीन वेगळा, अकराव्या क्रोमोझोमवर. शिवाय आणखी बरेच, प्रत्येकाचा थोडा थोडा हात. समजा आईच्या दोन्ही प्रतींत ओसीए२ चा रेग्युलेटर सैल आहे पण टायरोसिनेज झकास, आणि वडिलांचा रेग्युलेटर छान पण मेलॅनिनच्या कामातला दुसराच कुठला जीन कमजोर. दोघंही फिक्या डोळ्यांचे, पण वेगळ्या कारणाने. मुलाला आईकडून चांगलं टायरोसिनेज आणि त्या दुसऱ्या जीनची चांगली प्रत, वडिलांकडून चांगला रेग्युलेटर, दोन्ही कामं एकेका चांगल्या प्रतीवर चालतात आणि मूल तपकिरी. नेहमी होत नाही, पण होतं. डोळ्याच्या रंगावरून बाप कोण हे ठरवता येत नाही, ना इकडून ना तिकडून.

---

पलासियाचा_पुष्कर, बुधवार रात्री १०:२०

मान्य. मी हे दहा वर्षं ट्यूशनमध्ये असंच सांगत आलोय. उद्यापासून बदलतो.

---

लष्करवाली (ग्वाल्हेर), गुरुवार सकाळी ६:४०

मी सहसा लिहीत नाही पण ओसीए२ हे नाव वाचून थांबले. आमच्या भाच्याच्या रिपोर्टवर हेच लिहिलंय. तो जन्मतः अगदी गोरा, केस पिवळट पांढरे, डोळे फिके आणि सारखे हलतात. पहिले दोन वर्षं एका डॉक्टरांनी "मोठा झाला की सुधारेल" म्हणून सांगितलं, मग दुसरीकडे नेलं तेव्हा कळलं. आता सहा वर्षांचा आहे, फळ्यावरचं दिसत नाही, पहिल्या बाकावर बसवतात. नीलिमाताई, हाच जीन का? मग या बाळाला पण तसं काही...

---

देवासनाक्याचे_काका, गुरुवार सकाळी ७:३०

बेटा हे कोड असेल. कोडावर बाहेर चांगलं औषध मिळतं, आमच्या शेजारी एकांचं बरंच कमी झालं.

---

नीलिमा_बडोदा, गुरुवार सकाळी ११:२५

काका, कोड नाही हो. कोडात रंगपेशीच मरतात, आधी रंग असलेल्या ठिकाणी, डागाडागांनी, नंतर कधीतरी. लष्करवालीताईंच्या भाच्याच्या अंगात रंगपेशी आहेत, सगळ्या जागेवर आहेत, पण त्या जन्मापासून पुरेसं मेलॅनिन बनवू शकत नाहीत. कोडाचं औषध इथे काही उपयोगाचं नाही, कृपा करून कुणी देऊ नका त्याला.

ताई, हो, हाच जीन, आणि ओसीए हे नावच त्या आजारावरून पडलंय, डोळे आणि त्वचेचा अल्बिनिझम. दोन्हींतला फरक तुम्हाला सर्वात आधी सांगते कारण तुमचा शेवटचा प्रश्न तिथे आहे. घाऱ्या डोळ्यांत कृती शाबूत असते, रेग्युलेटर मंद असतो, तोही डोळ्याच्या पुढच्या थरात जाणवण्याइतका. मागचं काळं अस्तर नीट असतं, नजर नीट असते. भाच्याच्या दोन्ही प्रतींत कृतीच बिघडली आहे, कुठे अक्षर बदललं असेल, कुठे तुकडा गळला असेल, त्यामुळे दार बनतच नाही किंवा बनून काम करत नाही. मग मागच्या अस्तरातही मेलॅनिन नीट बनत नाही आणि प्रकाश बुबुळातूनच आत शिरतो, म्हणून उन्हात त्याला डोळे मिटावेसे वाटतात. पोटात असताना दृष्टिपटलाचा मधला बारीक बघण्याचा भाग नीट घडायलाही हे मेलॅनिन बनणं लागतं, ते न झाल्यामुळे नजर कमी आणि डोळे हलणं. चष्म्याने पूर्ण सुटत नाही ते याचमुळे. त्याचे आईबाबा मात्र दोघंही ठणठणीत आणि गडद असतील, एकेक चांगली प्रत पुरते म्हणून.

टोपी, पूर्ण बाह्या, गडद चष्मा, सनस्क्रीन, आणि लो व्हिजनच्या डॉक्टरांकडे एकदा जरूर न्या, मोठी करून बघायची भिंगं मिळतात, अभ्यासात फार फरक पडतो. पहिला बाक बरोबर, पण खिडकीकडे तोंड करून बसवू नका.

सोळा महिन्यांच्या बाळाचे केस काळे असतील, डोळे स्थिर असतील, उन्हात मिटत नसेल, तर काळजी करू नये.

---

लष्करवाली, गुरुवार दुपारी ४:१०

खिडकीकडे तोंड असतं त्याचं. कोणी कधी सांगितलंच नाही. उद्याच शाळेत जाते वहिनीबरोबर.

त्याच्या मोठ्या बहिणीचे केस काळे आहेत, तिला पुढे मुलं होताना हे येईल का हा प्रश्न वहिनीला छळतो.

---

नीलिमा_बडोदा, गुरुवार संध्याकाळी ६:००

ती नक्कीच ठणठणीत आहे, म्हणजे तिच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या नाहीत. चारातली ती एक शक्यता गेली, उरल्या तीन, त्यातल्या दोनांत तिच्याकडे एक बिघडलेली प्रत आहे. म्हणजे तीनात दोन. पण तिच्या मुलाला त्रास व्हायला जोडीदाराकडेही याच जीनची बिघडलेली प्रत असावी लागेल. नातेसंबंधात लग्न केलं तर तो धोका वाढतो. भाच्याच्या रिपोर्टवर नेमकी कुठली अक्षरं बदलली ते लिहिलं असेल, तो कागद जपून ठेवा, ती मोठी झाली की तेवढंच तिच्यात तपासता येईल. जेनेटिक काउन्सेलरशी बोला, माझ्यापेक्षा ते नीट सांगतील.

---

पेशवाई_वारसा, गुरुवार रात्री ९:१५

एवढी चर्चा झाली पण मूळ मुद्दा कोणी काढला नाही. घारे डोळे आपल्याकडे कोकणातून आले आणि कोकणात जहाजातून आले, आमच्या आजोबांनी सांगितलेलं. परदेशी रक्त आहे ते. होळकर-शिंद्यांबरोबर इकडे माळव्यात आलेल्या घरांमध्ये म्हणून दिसतात.

---

नीलिमा_बडोदा, गुरुवार रात्री १०:३०

कोकणातून घरं इकडे आली हे खरंच आहे, माझंही त्यातलंच. पण एका अक्षरावरून जहाज काढता येत नाही. स्पेनमध्ये ला ब्रान्या गुहेत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला, २०१४ मध्ये त्याचा डीएनए वाचला, तर डोळे निळे असावेत आणि त्वचा सावळी, अशी अक्षरं निघाली. डोळ्याचा रंग एकीकडे, त्वचेचा दुसरीकडे, आणि वंश तिसरीकडे. एखाद्या घराण्याचं मूळ शोधायचं तर हजारो जागा एकत्र बघाव्या लागतात.

शिवाय मी जे रेग्युलेटरचं सांगितलं ते युरोपातल्या निळ्या-तपकिरी डोळ्यांवर पक्कं उभं आहे. आपल्याकडचे मधाळ, हिरवट घारे डोळे सगळे त्याच एका अक्षराने होतात असं मी म्हणणार नाही. इतर जीन्सचा वाटा आपल्याकडे मोठा असू शकतो.

---

पेशवाई_वारसा, गुरुवार रात्री १०:५५

आजोबांनी उगाच सांगितलं नसेल. असो.

---

भंवरकुआं_क्लासवाला, गुरुवार रात्री ११:३०

मॅडम एक शेवटचं, जन्मताना राखाडी आणि नंतर गडद होतात ते का? डीएनए तर तोच राहतो ना?

---

नीलिमा_बडोदा, शुक्रवार सकाळी ८:१०

तोच राहतो. पण मेलॅनिन बनायला वेळ लागतो. जन्माच्या वेळी बुबुळाच्या पुढच्या थरातल्या पेशींनी पिशव्या पुरत्या भरलेल्या नसतात, पहिल्या वर्षभरात भरत जातात. बहुतेकांचं वर्षभरात थांबतं, काहींचं दोन-तीन वर्षं हळूहळू चालतं. म्हणून स्वराच्या डोळ्यांचा आत्ताचा रंग जवळपास ठरलेला आहे पण अजून एखादी छटा गडद होऊ शकेल. बघायचं असेल तर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच वेळी, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश आणि टॉर्च नको. मोबाइल दर वेळी रंग वेगळा दाखवतो, म्हणून शेजारी एकच पांढरा कागद धरा, त्याच्याशी ताडून बघता येतं.

---

सुदामानगरची_आई, शनिवार रात्री १०:०५

चार दिवस रोज दोनदा वाचलं हे सगळं. नाव स्वराच आहे, नीलिमाताई, बरोबर ओळखलंत. केस काळे कुळकुळीत, डोळे स्थिर, उन्हात अंगणात बागडते.

सासूबाईंना केळफुलापासून सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मग म्हणाल्या, थांब. उठून आत्यांना फोन लावला ग्वाल्हेरला, ऐंशी पार आहेत त्या. विचारलं तर आत्या म्हणाल्या, अगं आमच्या आजीला घरात सगळे घारूच म्हणायचे, खरं नाव आम्हाला मोठेपणी कळलं. एक फोटो आहे तिचा, कृष्णधवल, नऊवारीतला, डोळे फिकट दिसतात खरे, पण त्या फोटोवरून रंग काय सांगणार.

म्हणजे नवऱ्याकडून एक प्रत कुठून आली असेल ते कळलं, पणजीकडून आजोबा, बाबा असं करत. माझ्याकडून? आईला विचारलं, तिला काही आठवत नाही. तिचे एक मामा धारला होते, त्यांचे डोळे "वेगळेच" होते एवढंच म्हणाली. मामेभावाला मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही.

आज दुपारी चार वाजता खिडकीत पांढरा कागद धरून पहिला फोटो काढला. कागद तिने फाडला, पण त्याआधी एक आलाय नीट.